‘अटी मान्य’ म्हणजे प्रयोगाला संमती? फेसबुकच्या एका रिसर्च पेपरमधलं वाक्य का गाजलं आणि ते कसं लिहायला हवं होतं

जानेवारी 2012 मध्ये एक आठवडाभर फेसबुकने 6 लाख 89 हजार 3 युजर्सच्या न्यूजफीडवर प्रयोग केला. काहींच्या फीडमधून मित्रमैत्रिणींच्या आनंदी पोस्ट कमी केल्या, काहींच्या फीडमधून दुःखी पोस्ट कमी केल्या. आपल्याला काय दिसतं त्यावरून आपण स्वतः काय लिहितो हे बदलतं का, ते पाहायचं होतं. बदल झाला, पण अगदी थोडा. जून 2014 मध्ये ‘पीएनएएस’ या अमेरिकन जर्नलमध्ये यावरचा पेपर आला आणि जगभर गदारोळ झाला.

टीकेचा रोख प्रयोगाइतकाच पेपरमधल्या एका वाक्यावर होता. त्याचा आशय असा होता: हे काम फेसबुकच्या डेटा वापर धोरणाला धरून आहे, अकाउंट उघडताना प्रत्येक युजर ते मान्य करतो, आणि हीच या संशोधनासाठीची माहितीपूर्ण संमती.

हे वाक्य नेमकं कुठे चुकलं? आणि तेच प्रामाणिकपणे लिहायचं तर कसं लिहिता येईल?

माहितीपूर्ण संमती म्हणजे काय?

माणसांवर संशोधन करणाऱ्या पेपरमध्ये साधारण दोन गोष्टी सांगाव्या लागतात. सहभागींनी संमती कशी दिली, आणि कोणत्या एथिक्स कमिटीने अभ्यास तपासला. ही कमिटी संशोधकांपासून स्वतंत्र असते. लोकांना धोका किती आणि त्यांना पुरेशी माहिती दिली जाते का, हे ती अभ्यास सुरू होण्याआधी पाहते.

संमती ‘माहितीपूर्ण’ कधी ठरते? अभ्यास कशासाठी आहे, आपल्यासोबत काय होणार, धोका काय, हे माणसाला आधी कळलं पाहिजे. नकार देण्याची आणि मधेच बाहेर पडण्याची मोकळीकही हवी. जागतिक वैद्यकीय संघटनेचं हेलसिंकी घोषणापत्र 1964 पासून या विषयातला पायाभूत दस्तऐवज मानलं जातं आणि भारतात आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दोन्हींचा गाभा हाच आहे.

मग वाक्य कुठे चुकलं?

पहिली चूक ‘संमती’ या शब्दात होती. युजर्सनी एक सर्वसाधारण धोरण मान्य केलं होतं. या प्रयोगाबद्दल त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची संधीही नव्हती. त्या वेळी समोर आलेल्या बातम्यांनुसार, धोरणात ‘संशोधन’ हा शब्दच मे 2012 मध्ये, म्हणजे प्रयोगानंतर चार महिन्यांनी आला.

दुसरी चूक न लिहिलेल्या गोष्टीत होती. पेपरचे दोन लेखक कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित होते. त्यामुळे विद्यापीठाच्या कमिटीने हे तपासून मंजूर केलं असेल, असं वाचकाला वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात प्रयोग फेसबुकने स्वतःच्या अंतर्गत कामासाठी केला होता, म्हणून तो आपल्या नियमांच्या कक्षेत येत नाही, असं कॉर्नेलच्या कमिटीने ठरवलं होतं. ‘कक्षेत येत नाही’ आणि ‘मंजूर आहे’ यांत मोठा फरक आहे. पहिल्या स्थितीत सहभागींना धोका किती, हे कमिटीने जोखलेलंच नसतं.

जुलै 2014 मध्ये पीएनएएसने पेपरवर संपादकीय चिंता व्यक्त करणारी नोंद जोडली. खासगी कंपनी म्हणून फेसबुकवर अमेरिकेतल्या संशोधनविषयक सरकारी नियमांचं बंधन नव्हतं. तरीही माहितीपूर्ण संमती घेणं आणि बाहेर पडण्याची संधी देणं, ही तत्त्वं पूर्ण पाळली गेली नसण्याची शक्यता आहे, असं त्या नोंदीत म्हटलं होतं. पेपर मात्र मागे घेतला नाही.

तेच वाक्य पुन्हा लिहू या

अशा वेळी एकच कसोटी लावायची: प्रत्येक शब्द प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीशी जुळतो का?

‘संमती’ काढून नेमकं काय मान्य केलं होतं, ते लिहायचं. कमिटीने काय ठरवलं, ते तिच्याच निर्णयाच्या शब्दांत सांगायचं. सहभागींना खरंच मिळालेलं संरक्षण असेल, तर तेही नोंदवायचं. इथे ते होतं. पोस्टमधले आनंदी-दुःखी शब्द सॉफ्टवेअरने मोजले होते आणि संशोधकांनी मजकूर वाचला नव्हता. मग आमच्या मते असं वाक्य तयार होतं:

> ‘हा प्रयोग फेसबुकने जानेवारी 2012 मध्ये अंतर्गत कामासाठी केला. युजर्सनी अकाउंट उघडताना कंपनीचं सर्वसाधारण डेटा धोरण मान्य केलं होतं. या प्रयोगाची वेगळी माहिती, संमती किंवा बाहेर पडण्याचा पर्याय दिला नव्हता. कॉर्नेल विद्यापीठाच्या कमिटीने प्रकल्प आपल्या कक्षेत येत नसल्याचं ठरवलं. पोस्टचं विश्लेषण सॉफ्टवेअरने केलं. संशोधकांनी मजकूर पाहिला नाही.’

सहाच वाक्यं, पण आता वाचक स्वतःचं मत बनवू शकतो. अर्थात, यामुळे प्रयोग योग्य ठरत नाही. घडून गेलेल्या अभ्यासात संमती नव्हती, तर ती शब्दांनी आणता येत नाही. कदाचित हे वाक्य वाचून संपादकांनी पेपर छापण्याआधीच प्रश्न विचारले असते.

आपल्याकडच्या पेपरमध्ये काय पाहाल?

‘नैतिकतेची सर्व काळजी घेऊन सर्व सहभागींची संमती घेण्यात आली.’ असं वाक्य बऱ्याच प्रबंधांत सापडेल. त्यात कमिटी नाही, तारीख नाही, संमती कुणी आणि कशी दिली हेही नाही.

समजा, हा अभ्यास नववीच्या मुलांच्या मोबाइल वापराचा आहे. ही मुलं 18 वर्षांखालची, म्हणून कायदेशीर संमती पालकांची लागते. पण मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. आयसीएमआरनुसार 7 ते 12 वयात तो तोंडी चालतो, त्यापुढे 18 पर्यंत सोप्या भाषेत लेखी हवा. म्हणजे ‘सर्व सहभागींची संमती’ हे शब्द इथे चुकीचेच आहेत. नेमकं वाक्य असं होईल:

> ‘(संस्थेचं नाव) एथिक्स कमिटीने (क्रमांक, तारीख) अभ्यासाला मंजुरी दिली. त्यानंतर पालकांची लेखी संमती आणि विद्यार्थ्यांचा लेखी होकार घेतला. प्रश्नावलीवर नाव किंवा हजेरी क्रमांक घेतला नाही.’

शेवटचं वाक्य तेव्हाच लिहायचं, जेव्हा उत्तरं कुणाची हे संशोधकालाही कळणार नाही. नावांची यादी कपाटात कुलूपबंद असेल, तर माहिती गोपनीय आहे, निनावी नाही.

कधी संमतीशिवायही अभ्यास होऊ शकतो, उदाहरणार्थ ओळख पुसलेल्या जुन्या केसपेपरवर. पण ती सूट कमिटी देते, संशोधक स्वतः घेत नाही. म्हणून ‘संमतीची गरज नव्हती’ असं दिसलं, तर पुढे ‘असं कुणी ठरवलं’ हे लिहिलंय का पाहा. आणि मंजुरीची तारीख पहिला सहभागी घेण्याच्या आधीची आहे का, तेही पाहा. नंतरची असेल, तर त्या लोकांची माहिती कमिटीने काही तपासण्याआधीच गोळा झाली होती.