विषय उशिरा निवडण्याची मुभा आणि तिची किंमत

(समाजाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आपण अमेरिकेत स्थायिक झालो असलो, तरी ठाण्याचे, मुंबईचे, अलिबागचे नातेवाईक आपल्याला दूरध्वनीवर एक प्रश्न वारंवार विचारतात. मुलगी बारावीला आहे, हुशार आहे, पण तिला अजून पुढचा विषय ठरवता येत नाही. अमेरिकेत विषय नंतर निवडता येतो म्हणे, तर तिला बारावीनंतर थेट तिकडे पाठवावे का? ही ऐकीव माहिती अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग कळला नाही, तर एखाद्या कुटुंबाला संपूर्ण सत्राचा खर्च जादा सोसावा लागतो. आज मी त्याच अर्ध्या भागाविषयी बोलणार आहे.

प्रथम गुणपत्रिकांचा विचार करू. बारावी उत्तीर्ण म्हणजे अमेरिकन हायस्कूल उत्तीर्ण, ही समकक्षता येथील विद्यापीठे सर्वसाधारणपणे मान्य करतात. मग मंडळ महाराष्ट्राचे असो, सीबीएसई असो वा आयएससी. मात्र ही समकक्षता ठरवणारी एकच सरकारी कचेरी येथे नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने कागद पाहते, आणि ते केवळ बारावीचे नव्हे, तर नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची अडचण येथेच सुरू होते. नववी-दहावी एका शाळेत झालेली असते आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात. दहावीची गुणपत्रिका मंडळाची असते, परंतु नववीची आणि अकरावीची संस्थेची स्वतःची. ती शिक्क्यानिशी, इंग्रजीत, स्वाक्षरी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी दोन दारे ठोठवावी लागतात. शिवाय अर्जासोबत शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल हवा असतो. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत असे पद नसते. तेथे प्राचार्य किंवा उपप्राचार्य तो अहवाल भरू शकतात. हे काम अकरावीच्या उन्हाळी सुटीपूर्वी सांगून ठेवावे, कारण ऐन परीक्षांच्या दिवसांत कार्यालयाला त्यासाठी सवड नसते.

आपल्या टक्क्यांचे येथील श्रेणीत रूपांतर मात्र स्वतः करू नये. महाराष्ट्रात पंच्याहत्तर टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य. येथील सामान्य शालेय मापाने तोच आकडा मध्यम ठरतो. म्हणून गुण जसे आहेत तसे, मूळ मापातच लिहावेत आणि संस्थेने सोबत आपल्या गुणपद्धतीचा खुलासा जोडावा. काही विद्यापीठे बाहेरील संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून मागतात. ज्यांनी मागितले असेल त्यांच्यासाठीच तो खर्च करावा.

आता वेळेची गोष्ट. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज नोव्हेंबरच्या प्रारंभी किंवा जानेवारीच्या प्रारंभी बंद होतात. महाराष्ट्राची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि निकाल साधारण मे महिन्यात लागतो. म्हणजे प्रवेशाचा निर्णय बारावीच्या निकालाआधीच होतो. तो नववी, दहावी, अकरावीचे गुण आणि बारावीतील शाळेच्या अपेक्षित गुणांवर आधारलेला असतो. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष आहे, असे समजणाऱ्याची येथे गफलत होते. बारावीचा निकाल पुढे पाठवावाच लागतो आणि तो अपेक्षेपेक्षा फार खाली आला, तर दिलेला प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो.

प्रवेशपरीक्षांपैकी प्रमुख म्हणजे सॅट. तिचे गुण १६०० पैकी असतात. एक भाग वाचन-लेखनाचा, त्याला ६४ मिनिटे. दुसरा गणिताचा, त्याला ७० मिनिटे. प्रत्येक भागाचे दोन टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यातील उत्तरे पाहून संगणक दुसऱ्या टप्प्याची काठिण्यपातळी ठरवतो. सोपा दुसरा टप्पा वाट्याला आला, की सर्वोच्च गुणांची वाट जवळजवळ बंद होते. म्हणून आरंभीची निष्काळजी चूक महाग पडते. गणितात कलनशास्त्र विचारले जात नाही, त्यामुळे आपल्याकडील विज्ञानशाखेच्या मुलांना ते सहसा जड जात नाही. खरी कसोटी लहान-लहान उताऱ्यांवरील नेमक्या इंग्रजीची असते. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही, तर एमआयटीने २०२२ मध्ये ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली. म्हणून विद्यापीठांची यादी आधी करावी आणि परीक्षेचे ठरवावे ते त्यानंतर. पहिला प्रयत्न अकरावी संपताच, मे-जूनमध्ये आणि गरज भासल्यास दुसरा ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये करावा.

आपल्या घरांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. सॅट सहसा शनिवारी असते. शब्बाथ पाळणाऱ्या विद्यार्थ्याला धार्मिक कारणास्तव रविवारी परीक्षा देता येते. त्यासाठी प्रार्थनामंदिराच्या पत्रकागदावर धर्मप्रमुखांच्या सहीचे पत्र लागते. रविवारची केंद्रे थोडी असतात, म्हणून हे पत्र नावनोंदणीच्या आधीच हाती असावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटची, म्हणजे आठ सत्रांची असते. मुख्य विषय, ज्याला येथे मेजर म्हणतात, तो अनेक महाविद्यालयांत चौथ्या सत्राच्या अखेरीपर्यंत जाहीर करता येतो; ब्राउन विद्यापीठात हाच नियम आहे. इंग्लंडमध्ये असे नाही. तेथे अर्ज करतानाच विषय ठरलेला असतो आणि पदवी बहुधा तीन वर्षांत संपते. परंतु अमेरिकेतील या मुभेला दोन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा दाराची. मोठ्या विद्यापीठांच्या पोटात अनेक महाविद्यालये असतात आणि प्रवेश त्यांपैकी एकात मिळतो. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये संगणकशास्त्राचा प्रवेश पहिल्या वर्षालाच थेट दिला जातो. दुसऱ्या विषयातून आत गेलेल्याला नंतर तेथे जागा मिळण्याची शक्यता फारच थोडी असते. उलट पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकीचे सारे विद्यार्थी पहिले वर्ष एकत्र काढतात आणि शाखा त्यानंतर निवडतात. पण तेथेही आधी अभियांत्रिकीत प्रवेश मिळालेला असावा लागतो. तेव्हा ‘विषय बदलता येतो का’ असे विचारून भागत नाही. कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे, तेथून अमुक विषयात जायला किती सरासरी लागते आणि तेवढी मिळवली तर जागा हमखास मिळते की पुन्हा स्पर्धा करावी लागते, हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावे. उत्तरात ‘जागा उपलब्ध असल्यास’ असे शब्द आले, तर तो दरवाजा बंदच आहे असे धरून चालावे.

दुसरी मर्यादा साखळीची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक विषयात काही अभ्यासक्रम एकामागून एकच घ्यावे लागतात. ठाण्याच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. ती विज्ञानशाखेत आहे, तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले आहेत आणि जीवशास्त्र, अर्थशास्त्र व अभियांत्रिकी यांत तिचे मन दोलायमान आहे. जीवशास्त्रासाठी सामान्य रसायनाची दोन सत्रे, मग सेंद्रिय रसायनाची दोन आणि त्यानंतर जीवरसायन, अशी पाच सत्रांची साखळी सर्वसाधारणपणे असते. अर्थशास्त्रात प्राथमिक अभ्यासक्रम, मग मध्यम पातळीचे सिद्धान्त, मग अर्थमिती आणि शेवटी प्रगत अभ्यासक्रम, अशी चार सत्रांची; तीही कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र आधी झालेले असेल तर. अभियांत्रिकीत कलनशास्त्राचीच तीन सत्रे, मग विकलक समीकरणे, त्यावर शाखेचे अभ्यासक्रम आणि अखेरीस वर्षभराचा प्रकल्प. म्हणजे जवळपास आठही सत्रे.

आता हिशेब सोपा होतो. चौथ्या सत्राच्या शेवटी तिच्या हाती चार सत्रे उरतात. तोवर रसायनाला स्पर्शही केला नसेल, तर जीवशास्त्राची पाच सत्रांची साखळी त्यांत मावत नाही. अर्थशास्त्र कसेबसे मावते. अभियांत्रिकीचा प्रश्नच उरत नाही. मात्र तिने पहिल्या सत्रात कलनशास्त्र, सामान्य रसायन, सूक्ष्म अर्थशास्त्र आणि सक्तीचे लेखन असे चार अभ्यासक्रम घेतले आणि दुसऱ्या सत्रात कलनशास्त्र व रसायन यांचे पुढचे भाग, त्यांच्या जोडीला स्थूल अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र घेतले, तर वर्षअखेरीस जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र ही दोन्ही दारे उघडी राहतात. अभियांत्रिकीचे दारही मनात असेल, तर प्रवेशच त्या महाविद्यालयात घ्यायला हवा. कारण तेथून बाहेर पडणे बहुधा सोपे असते, आत शिरणे अवघड. साखळी जितकी लांब, तितकी तिची पहिली कडी लवकर धरावी. निर्णय मात्र सावकाश घ्यावा.

हीच दृष्टी मागे अकरावीपर्यंत नेऊन पाहा. वैद्यकीयचा विचार करणारी मुले गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवतात. कला आणि वाणिज्य शाखांतील कित्येक मुलांचे गणित दहावीनंतरच सुटते. येथे आल्यावर गणिताची पातळी पाहण्यासाठी अनेक ठिकाणी चाचणी घेतात, आणि अशा मुलाला कलनशास्त्राच्या आधीच्या अभ्यासक्रमात बसवले जाते. त्याची साखळी आरंभीच एका सत्राने, कधी दोन सत्रांनी, लांबते. ज्याचे मन ठरलेले नाही त्याने अकरावीत गणित सोडू नये, हा माझा ठाम सल्ला आहे.

साखळी लांबली तर काय होते, तेही सांगतो. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत बहुधा आठ सत्रांपुरतीच असते. नववे सत्र पूर्ण शुल्काने, शिवाय राहण्या-जेवणाच्या खर्चाने करावे लागते. एफ-१ व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रागणिक साधारणतः किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. मुदत वाढवायची असेल, तर आय-२० या कागदावरील तारीख उलटण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो आणि जादा काळाच्या पैशांचा पुरावाही द्यावा लागतो. विषय बदलल्याने अभ्यास लांबला, हे कारण ग्राह्य धरले जाऊ शकते. तारीख उलटून गेल्यावर मात्र तेच कारण सांगून उपयोग होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ठाण्याहून दूरध्वनी आला, तर तीन गोष्टी विचाराव्यात: अकरावीत गणित आहे का, मनातील विषयांपैकी सर्वांत लांब साखळी कोणाची, आणि त्या विषयाच्या महाविद्यालयात प्रवेश सुरुवातीलाच लागतो की नंतर चालतो. यांची उत्तरे हाती आल्यावरच विद्यापीठांची यादी करायला बसावे.