राउटरच्या खोक्यावरची तीन नावे

बीमफॉर्मिंग, एमयू-मायमो आणि ओएफडीएमए ही तीन नावे नव्या वायफाय राउटरच्या खोक्यावर एकाच ओळीत छापलेली असतात, त्यामुळे तिघांचे मोल सारखेच असावे असे वाटते. तिन्ही उपाय एकाच टंचाईवर शोधले गेले, आणि ती टंचाई वेळेची आहे. एका चॅनेलवर एका क्षणी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी गप्प राहून आपल्या पाळीची वाट पाहायची, हा वायफायचा मूळ नियम. म्हणून कोणते उपकरण किती वेळ हवा अडवून धरते, यावर घरातल्या सगळ्यांचा वेग ठरतो.

दोन बेडरूमचा एक फ्लॅट घेऊ. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. हॉलमधल्या फोनला प्रत्यक्षात सेकंदाला 600 मेगाबिट मिळतात. आतल्या बेडरूममधला फोन दोन भिंतींपलीकडे असल्याने त्याला जेमतेम 30 मिळतात. 100 मेगाबाइटचा एक व्हिडिओ हॉलमधल्या फोनवर उतरवायला हवेतला साधारण सव्वा सेकंद लागतो, आणि तोच व्हिडिओ बेडरूममधल्या फोनवर न्यायला सत्तावीस सेकंद लागतात. दूरचा फोन स्वतः हळू चालतोच, पण इतरांच्या वाट्याचा वेळही खातो. घरात कोणती सोय कामाची, हे या हिशेबावरून ठरवता येते.

बीमफॉर्मिंग नेमके या दूरच्या फोनसाठी आहे. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओलहरीची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. राउटरच्या दोन अँटेनांतून निघालेल्या लहरी फोनपाशी निम्म्या लांबीने मागेपुढे पोहोचल्या, तर एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो आणि दोघी एकमेकींना मारतात. त्या एकाच वेळी चढल्या, तर संदेश बळकट होतो. तो असा बळकट व्हावा म्हणून राउटर आधी एक चाचणीचा संदेश पाठवतो. तो आपल्यापर्यंत कसा पोहोचला याचा अहवाल फोन परत पाठवतो, आणि त्यावरून राउटर प्रत्येक अँटेनाची लहर किंचित आधी किंवा उशिरा सोडतो. 2009 च्या वायफाय मानकात यासाठी एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती होत्या. 2013 च्या 802.11ac मानकाने एकच पद्धत ठरवली, तेव्हापासून ही सोय खऱ्या अर्थाने वापरात आली.

खोक्यावरच्या चित्रात बॅटरीच्या झोतासारखा किरण फोनकडे जाताना दाखवतात, ते चित्र दिशाभूल करणारे आहे. घरात लहरी भिंती, कपाटे आणि फ्रिजवर आपटून अनेक वाटांनी पोहोचतात. बीमफॉर्मिंग या सगळ्या वाटा फोनच्या जागी एकमेकींना पूरक होतील असे पाहते. एकूण शक्ती तीच ठेवून दोन अँटेनांनी जास्तीत जास्त तीन डेसिबल आणि चारांनी सहा डेसिबल लाभ होतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. सिमेंट-काँक्रीटची एक भिंत याच पट्ट्यात दहा डेसिबल किंवा त्याहूनही जास्त खाऊन टाकते. म्हणजे ही सोय भिंत ओलांडून देत नाही. राउटरजवळच्या फोनचा वेग आधीच कमाल असतो, त्यामुळे तिथेही तिचा उपयोग नाही. मधल्या अंतरावर मात्र वेगाची एखादी पायरी वाढू शकते, आणि दूरच्या फोनने वाचवलेला वेळ सगळ्या घराला मिळतो.

एमयू-मायमो याच तंत्राची पुढची पायरी आहे. राउटर लहरी अशा जुळवतो की एका फोनचा संदेश त्याच्यापाशी बळकट व्हावा आणि शेजारच्या फोनपाशी शून्याजवळ यावा. मग एकाच क्षणी दोघांना वेगवेगळा मजकूर पाठवता येतो. 802.11ac मध्ये अशा चार उपकरणांची सोय होती, वायफाय 6 मध्ये ती आठांवर गेली. कागदावर हे भुरळ घालणारे आहे. पण आजच्या बहुतेक फोनना दोन अँटेना असतात आणि स्वस्त राउटरलाही दोनच. असा राउटर एकट्या फोनला दोन प्रवाह देतो. दोन फोनना एकदम द्यायचे ठरवले तर प्रत्येकी एक. एकूण दोनच, म्हणजे काहीच कमावले नाही, उलट लहरी वेगळ्या ठेवण्यात थोडे गमावले. चार अँटेनांच्या राउटरवर फायदा संभवतो, पण त्यासाठी दोन्ही फोन बऱ्यापैकी जवळ, एकमेकांपासून वेगळ्या दिशांना आणि शक्यतो स्थिर हवेत. हातातला फोन हलला की आधीचे मोजमाप शिळे होते आणि शून्याची जागा सरकते. शिवाय दोघांना एकाच क्षणी भरपूर मजकूर हवा असावा लागतो. अति स्पष्ट चित्राच्या टीव्हीला सेकंदाला सुमारे 25 मेगाबिट पुरतात, म्हणजे 600 च्या जोडणीवर हवेतला चार टक्के वेळ. घरात असा योग क्वचितच जुळून येतो.

ओएफडीएमए वेळेचा प्रश्न तिसऱ्या बाजूने सोडवते. फोनच्या संवादात शंभर-दीडशे बाइटचे छोटे संदेश असंख्य असतात: पोहोच, खेळातली एक हालचाल, आवाजाचा एक तुकडा. 100 बाइट सेकंदाला 400 मेगाबिटच्या वेगाने पाठवायला दोन मायक्रोसेकंद लागतात. मात्र त्याआधी चॅनेल मोकळे आहे का हे पाहणे, पाळीसाठी थांबणे, सुरुवातीची खूण पाठवणे आणि शेवटी पोचपावती, यांत शंभराहून अधिक मायक्रोसेकंद जातात. एका पाकिटासाठी अख्खा ट्रक पाठवण्यासारखाच हा कारभार. वायफाय 6 मध्ये चॅनेलचे कप्पे पाडून एकाच फेरीत अनेकांची पाकिटे नेता येतात: 20 मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलमध्ये नऊ उपकरणांपर्यंत, 80 मध्ये सदतीस. परत येणाऱ्या संदेशांसाठी राउटर इशारा देतो आणि प्रत्येकजण आपापल्या कप्प्यातून एकाच वेळी उत्तर देतो. यामुळे कमाल वेग वाढत नाही, थांबण्याचा काळ घटतो. मीटिंगमधला तुटणारा आवाज सावरू शकतो.

मर्यादा मात्र मोठ्या आहेत. ओएफडीएमए वायफाय 6 किंवा त्यापुढच्या उपकरणांनाच कळते, आणि घरातले दिवे, प्लग, कॅमेरे बहुधा जुन्या मानकाचे असतात. ते आपापल्या पाळीनेच बोलतात. शेजाऱ्याच्या राउटरने तेच चॅनेल धरले असेल, तर ओएफडीएमए त्याला समजावू शकत नाही. काही जुनी उपकरणे वायफाय 6 चालू असलेल्या जाळ्याला जोडलीच जात नाहीत. नवा राउटर आणल्यावर एखादा दिवा किंवा जुना लॅपटॉप रुसला, तर 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर ही सोय बंद करून पाहावी.

बीमफॉर्मिंगचा फरक घरीच मोजता येतो. विंडोज लॅपटॉप बेडरूममध्ये नेऊन ही आज्ञा द्यावी:

```
netsh wlan show interfaces
```

`Radio type` समोर 802.11ax असेल तर वायफाय 6 ची जोडणी आहे. `Receive rate` म्हणजे राउटरकडून लॅपटॉपकडे येणारा वेग. तो बीमफॉर्मिंग चालू ठेवून आणि बंद करून, एकाच जागी चार-पाच वेळा लिहून घ्यावा. मग राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उघड्या फळीवर ठेवावा आणि पुन्हा मोजावे. एक भिंत वाटेतून गेली, तर हा दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा निघतो.

खरेदीच्या वेळी बीमफॉर्मिंगसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. ते आता जवळपास प्रत्येक राउटरमध्ये असते. घरातले बरेच फोन आणि लॅपटॉप वायफाय 6 चे असतील, तर ओएफडीएमए कामाची. एमयू-मायमोच्या नावावर चढी किंमत देण्याचे घरात कारण नाही. ते पैसे टीव्ही आणि एका जागी बसलेल्या संगणकापर्यंत केबल ओढायला वापरावेत. त्या दोघांनी हवेतला वेळ सोडला की तो फोनना मिळतो.