भट्टीवर गेलेल्या मालाचा दर

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीच्या आवारात पिग आयर्नचा ढीग पडलेला असतो. त्यातला कोणता तुकडा कोणत्या ट्रकमधून उतरला, हे स्टोअरकीपरलाही सांगता येत नाही. मग भट्टीवर गेलेला माल कुठल्या दराने लिहायचा? माल एकमेकांत मिसळला आहे, तर पैसेही मिसळावेत, हे त्याचं सरळ उत्तर.

समजा, शिल्लक 1000 किलो आहे आणि दर 40 रुपये, म्हणजे 40,000 रुपयांचा माल. त्यात 46 रुपयांनी 500 किलो आला, 23,000 रुपयांचा. आता ढिगात 1500 किलो माल आणि 63,000 रुपये आहेत, म्हणून दर 42 रुपये. 40 आणि 46 यांची सरासरी 43 होते आणि नवखा कारकून नेमका तिथेच चुकतो. जुना माल दुप्पट होता, त्यामुळे दरही त्याच्याकडेच झुकणार. भारित सरासरीतला 'भार' तो हाच.

यानंतर 600 किलो भट्टीवर गेला, तर तो 42 नेच लिहायचा: 25,200 रुपये. उरलेल्या 900 किलोचा दरही 42 च राहतो. जावक कितीही झाली तरी दर हलत नाही, तो हलतो फक्त आवक झाली की. पुढे 48 रुपयांनी 900 किलो आला, तर 1800 किलोचे 81,000 रुपये होतात आणि नवा दर 45 ठरतो. या खरेदी दरात वाहतूक आणि हमाली धरायची. ज्या जीएसटीची वजावट परत मिळते, तो मात्र धरायचा नाही.

या पद्धतीत मला सगळ्यात जपावंसं वाटतं ते नोंदींच्या क्रमाला. माल आज उतरतो, बिल चार दिवसांनी येतं, आणि भट्टी काही थांबत नाही. समजा, वहीत 42 च्या दराचा 100 किलोच माल शिल्लक आहे आणि आवक चढवायच्या आधीच 200 किलोची जावक लिहिली. शिल्लक उणे 100 किलो, उणे 4,200 रुपये झाली. मग 48 चा 900 किलो चढवला की 800 किलोचे 39,000 रुपये उरतात. भागाकार करा: 48 रुपये 75 पैसे. या दराने कधी कुणी खरेदीच केलेली नाही!

चूक ओळखायची खूण हीच. सरासरी दर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग खरेदीच्या बाहेर गेला, की आधी तारखा तपासाव्यात. त्यापेक्षा बरं म्हणजे माल उतरला त्याच दिवशी खरेदी ऑर्डरमधल्या दराने आवक चढवावी, आणि बिल आल्यावर फरक असेल तेवढाच दुरुस्त करावा.