‘येईल’चा नकार कुठे गेला?

पाऊस येतो, पाऊस आला, पाऊस येईल. ही तीन वाक्यं नकारार्थी करायला मराठी माणसाला विचारही करावा लागत नाही: येत नाही, आला नाही, येणार नाही. तिसऱ्या वाक्यात मात्र जरा थांबावं. तिथे ‘येईल’ नाहीसं झालं आणि त्याच्या जागी ‘येणार’ आलं. हिंदीत ‘आएगा’च्या आधी ‘नहीं’ ठेवलं की काम होतं. त्या सवयीने मराठी शिकणारा ‘तो नाही येईल’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं.

याचं कारण असं की मराठीतलं ‘नाही’ नुसतं अव्यय म्हणून वावरत नाही, ते ‘आहे’चं नकारी रूप आहे. म्हणून ते क्रियापदासारखं चालतं: मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. वाक्यात शिरल्यावर ते मुख्य क्रियापदाचं कामही आपल्याकडे ओढून घेतं. ‘तू आलास’ या वाक्यातला शेवटचा ‘स’ पाहा. नकार आला की तो जागा बदलतो आणि ‘तू आला नाहीस’ होतं. ‘तू आलास नाही’ असं कुणीही म्हणत नाही.

वर्तमानकाळात तर क्रियापद आणखी हलकं होतं. ‘तो येतो’ आणि ‘ती येते’ यांत पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा फरक स्पष्ट ऐकू येतो, पण नकारात दोघंही ‘येत नाही’. लिंग पुसलं जातं. भूतकाळात ते पुन्हा दिसतं: तो आला नाही, ती आली नाही.

आता ‘येईल’. या रूपात काळ आणि पुरुष दोन्ही आधीच भरलेले आहेत, त्यामुळे ‘नाही’ला टेकायला जागा उरत नाही. ‘येणार’ला पुरुषाचा प्रत्यय नाही, म्हणून त्याच्याशी ‘नाही’ सहज जुळतं: तू येणार नाहीस, ते येणार नाहीत. पण यात एक छटा हरवते. ‘पाऊस येईल’मध्ये अंदाज आहे, ‘पाऊस येणार नाही’मध्ये बरीच खात्री आहे. नकारातही अंदाजच ठेवायचा असेल तर मराठी माणूस आभाळाकडे बघून म्हणतो, ‘आता काही पाऊस यायचा नाही’, किंवा सरळ ‘येईलसं वाटत नाही’.

‘नको’चं क्षेत्र वेगळं आहे. घरी आलेल्या पाहुण्याला ‘चहा घेतलात का?’ विचारलं आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर यजमान आधण ठेवतात. ‘चहा घेणार का?’ विचारल्यावर तो ‘नको’ म्हणाला, तर आधण राहतं (निदान पाहुणा आग्रहाला बधत नाही तोवर). ‘नाही’ काय घडलं वा घडत नाही ते सांगतं, तर ‘नको’ बोलणाऱ्याची इच्छा सांगतं. म्हणूनच ‘मी येऊ का?’ या प्रश्नाला ‘नको’ हेच उत्तर शोभतं. चहा हवा, कॉफी हवी, सरबत हवं, असं ‘हवा’ वस्तूप्रमाणे बदलतं. नाकारताना मात्र तिन्हींना एकच ‘नको’ पुरतं, फक्त अनेकवचनात ‘भजी नकोत’. हा शब्द मराठीबाहेरही गेला आहे: हैदराबादच्या दखनीत तो ‘नक्को’ होऊन रोजच्या बोलण्यात आहे.

आज्ञेत ‘नको’ क्रियापदाच्या ‘ऊ’कारान्त रूपानंतर येतं: ये, पण येऊ नको किंवा येऊ नकोस, या, पण येऊ नका. सार्वजनिक पाट्यांवर याचं एक भावंडही भेटतं, ‘नये’. ‘येथे वाहने उभी करू नका’ आणि ‘येथे वाहने उभी करू नयेत’ या दोन्ही पाट्या बरोबर आहेत, पण त्यांची रचना वेगळी आहे. ‘नका’ पाटी वाचणाऱ्याला उद्देशून आहे, त्यामुळे वाहन एक असो की दहा, ‘नका’ बदलत नाही. ‘नयेत’ समोर कुणालाच धरत नाही, ते नियम सांगतं आणि ‘वाहने’ या अनेकवचनाशी जुळतं. एकच वाहन असेल तर ‘वाहन उभे करू नये’. अशा पाटीवर ‘वाहने उभी करू नये’ दिसलं, तर वचन चुकलं आहे हे ओळखावं.

जिथे क्रियापदाला पुरुषच नसतो तिथे ‘नाही’ला धरायला काही सापडत नाही. अशा जागी छोटा ‘न’ येतो आणि तो क्रियापदाच्या आधी उभा राहतो: न सांगता निघून गेला, न शिजलेला भात, न परवडणारं भाडं. ‘नाही सांगता निघून गेला’ हे वाक्य मराठीत बसत नाही.

आणि दीर्घ ‘ना’? ‘ना धड इकडे, ना धड तिकडे’ यात तो नकारच आहे. पण ‘येतोस ना?’ विचारणारा होकाराची वाट पाहत असतो, आणि ‘ये ना’ म्हणणारी आई बोलावत असते. तीच आई ‘आता भिजत बाहेर जाऊ नको ना’ म्हणते, तेव्हा ‘नको’ अडवतं आणि ‘ना’ त्या अडवण्याचं आर्जव करतं.