मूळ दोनदा, दिशा मात्र एकच

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणाचा विवेचक शून्य आला, की आपण उत्तरात लिहितो, 'मुळे वास्तव व समान आहेत.' तिथे प्रश्न संपतो. हेच समान मूळ एखाद्या मॅट्रिक्सच्या पोटातून निघाले, तर मात्र खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मूळ दोनदा आले खरे, पण त्याच्या वाट्याला दिशाही दोन आल्या का?

एक दोन बाय दोनचा मॅट्रिक्स घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहू.

```
A =  |  ३   १ |
     | −१   १ |
```

प्रतलावरचा (x, y) हा सदिश या मॅट्रिक्समधून गेला की (३x + y, −x + y) होऊन बाहेर पडतो. (१, ०) दिला तर (३, −१) मिळतो, म्हणजे लांबी वाढली आणि दिशाही वळली. (१, १) चा (४, ०) होतो, तोही वळला. पण (१, −१) देऊन पाहा. उत्तर येते (२, −२). हा सदिश वळला नाही, आपल्याच रेषेवर राहून फक्त दुप्पट झाला. न वळणाऱ्या अशा सदिशाला आयगेनसदिश म्हणतात आणि तो जितक्या पटीने ताणला जातो, त्या संख्येला आयगेनमूल्य. इथे ते २ आहे.

आयगेनमूल्ये शोधण्याची ठरलेली रीत अशी, की कर्णावरच्या दोन्ही संख्यांतून λ वजा करायचा आणि निश्चयक शून्याबरोबर मांडायचा. आपल्या मॅट्रिक्ससाठी (३ − λ)(१ − λ) + १ = ० असे समीकरण मिळते. ते सोडवले की λ² − ४λ + ४ = ०, म्हणजेच (λ − २)² = ०. मूळ २, आणि तेही दोनदा. समीकरणात एखादे मूळ जितक्या वेळा येते, ती त्याची बैजिक बहुलता. इथे ती २ आहे.

आता दिशा मोजू. ज्या सदिशांची बरोबर दुप्पट होते, त्यांच्यासाठी ३x + y = २x आणि −x + y = २y ही दोन समीकरणे खरी असली पाहिजेत. पहिले आवरले की x + y = ० उरते. दुसरे आवरले तरी x + y = ० हेच उरते. दोन समीकरणांनी मिळून एकच अट घातली, आणि ती अट पाळणारे सगळे सदिश (१, −१) च्या एकाच रेषेवर पडतात. एका आयगेनमूल्याला मिळालेल्या स्वतंत्र दिशांची संख्या म्हणजे त्याची भौमितिक बहुलता. इथे ती १ आहे. बीजगणिताने दोन मोजले, भूमितीने एक.

मग दोन्ही बहुलता २ असलेला मॅट्रिक्स कसा दिसेल? त्याच्याकडे दोन स्वतंत्र दिशा असतील आणि दोन्ही दुप्पट होतील. प्रतलावरचा कोणताही सदिश अशा दोन दिशांतून जोडून तयार करता येतो, म्हणून प्रत्येकच सदिश दुप्पट होईल. असे करणारा मॅट्रिक्स एकच आहे:

```
B =  | २   ० |
     | ०   २ |
```

दोन बाय दोनच्या जगात त्यामुळे मधला मार्ग नाही. आयगेनमूल्य दोनदा आले, तर एक तर तो मॅट्रिक्स B सारखा, कर्णावर तीच संख्या आणि बाकी शून्ये असा असतो. नाहीतर त्याची एक दिशा नक्की हरवलेली असते. हे ओळखायला वेगळे गणित करावे लागत नाही, मॅट्रिक्सकडे नुसते पाहिले तरी कळते.

हरवलेल्या दिशेच्या जागी नेमके काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. (१, ०) चा (३, −१) झाला होता. तो असा फोडून लिहा: (३, −१) = २ × (१, ०) + (१, −१). म्हणजे सदिश दुप्पट तर झालाच, शिवाय त्याला आयगेनसदिशाच्या दिशेने एक ढकलाही मिळाला. मॅट्रिक्स पुन्हा लावला की ४ × (१, ०) + ४ × (१, −१) मिळते. तिसऱ्या वेळी ८ × (१, ०) + १२ × (१, −१). प्रत्येक खेपेला जुना ढकला दुप्पट होतो आणि त्यात नवा मिळत जातो. n वेळा लावल्यावर (१, −१) चा गुणक n गुणिले २ चा (n − १) वा घात इतका होतो.

दहा वेळा लावून पाहू. B मधून (१, ०) चा (१०२४, ०) होतो. A मधून गेलेला तोच सदिश १०२४ × (१, ०) + ५१२० × (१, −१), म्हणजे (६१४४, −५१२०) वर पोचतो. दोन्ही मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये तंतोतंत सारखी असून उत्तरांत इतका फरक पडला, तो त्या n मुळे. n चा हा गुणक म्हणजे कमी पडलेल्या दिशेची खूण. दिशाही बघा: दहाव्या खेपेला y आणि x यांचे गुणोत्तर −१०/१२ आहे, शंभराव्या खेपेला ते −१००/१०२ होते. सदिश (१, −१) च्या रेषेकडे कलत जातो, पण संथपणे, आणि तिच्यावर कधीच पोचत नाही.

कागदावरचा हा हिशेब संगणकावर नेला की नवी अडचण उभी राहते. A मधल्या −१ च्या जागी −०.९९९९ पडले असे समजा. फरक ०.०००१ इतकाच. पण समीकरण आता (λ − २)² = ०.०००१ होते आणि आयगेनमूल्ये २.०१ आणि १.९९ येतात. चुकीच्या वर्गमुळाइतका फरक पडला, म्हणजे मूळ चुकीच्या शंभरपट. संगणक साधारण सोळा अंकांपर्यंत अचूक असतो. अशा मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांत मात्र ती अचूकता आठेक अंकांवर येऊ शकते. म्हणून 'दोन्ही मूल्ये समान आहेत का' असे संगणकाला विचारून भागत नाही. आयगेनसदिश तपासावे लागतात. इथे ते (१, −०.९९) आणि (१, −१.०१) येतात. नावाला दोन, पण जवळजवळ एकाच रेषेवर. मूल्ये अगदी जवळ आणि सदिशही जवळजवळ समांतर दिसले, की मूळचा मॅट्रिक्स दिशा हरवलेल्यांपैकी असण्याची शंका घ्यावी.

काही मॅट्रिक्सना मात्र हा धोका नसतो. पहिल्या ओळीत a, b आणि दुसरीत c, d असतील, तर विवेचक (a − d)² + ४bc इतका असतो. मॅट्रिक्स सममित असेल, म्हणजे b आणि c सारखे असतील, तर ही दोन वर्गांची बेरीज होते. ती शून्य व्हायची तर b शून्य आणि a, d समान असावे लागतात, म्हणजे मॅट्रिक्स B सारखाच असतो. वास्तव संख्यांच्या सममित मॅट्रिक्सची दिशा म्हणूनच कधी हरवत नाही, आणि हे मोठ्या आकारांतही खरे आहे.

आकार वाढला की मधल्या शक्यता निर्माण होतात. तीन बाय तीनमध्ये तीनदा आलेल्या मूल्याला एक, दोन किंवा तीन दिशा मिळू शकतात. एकापेक्षा कमी कधीच नाही, आणि बैजिक बहुलतेपेक्षा जास्तही नाही. इथवर दोन बहुलता कळल्या की मॅट्रिक्सची मूळ रचना ठरते. चार बाय चारमध्ये मात्र चारदा आलेल्या मूल्याला दोन दिशा असतील, तर ढकलण्याच्या साखळ्या दोन-दोनच्या असू शकतात किंवा तीन-एकच्या, आणि या दोन मोजण्यांवरून त्यांतली कोणती ते सांगता येत नाही. तेव्हा साखळ्यांची लांबीच मोजावी लागते. फ्रेंच गणिती कामिय जॉर्डन यांनी १८७० साली मांडलेल्या रूपात ती लांबी नोंदलेली असते. आपला A हा त्या रूपातल्या दोन लांबीच्या एका साखळीचा मॅट्रिक्स आहे.