लग्न झालं, आता जेवायला या

गेली तीस वर्षं माझ्याकडे लोक लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून घ्यायला येतात. आमच्याकडे कवी असण्याचा एवढाच एक व्यवहारी उपयोग मान्य झाला आहे. निकाहची पत्रिका असो की शेजारच्या वाड्यातल्या मंगल कार्यालयातल्या लग्नाची, मजकूर मला जवळजवळ पाठ झाला आहे. त्यामुळे लंडनला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला तेव्हा हे काम दहा मिनिटांचं आहे असं मला वाटलं. प्रत्यक्षात दोन महिने लागले.

त्याचा निकाह 24 डिसेंबर 2023 रोजी चिपळूणला झाला. दुसऱ्या दिवशी वलिमा झाला. जानेवारीत नवरा-बायको लंडनला परतले. तिथले त्याचे मित्र, कचेरीतले सहकारी, पूर्वीचे खोलीतले सोबती यांच्यापैकी फक्त दोघे चिपळूणला येऊ शकले होते. बाकीच्यांसाठी लंडनमध्ये एक जेवण ठेवायचं ठरलं. ‘‘मामू, इंग्रजी मी बघतो. तुम्ही फक्त काय लिहायचं ते सांगा,’’ असं तो म्हणाला.

त्यानं आधीच एक मजकूर करून दोघा-तिघांना दाखवला होता. एका दुकानातल्या नमुन्यावरून त्यानं नेहमीचं वाक्य उचललं होतं: आमच्या विवाहप्रसंगी आपल्या उपस्थितीची विनंती. कचेरीतल्या एका इंग्रज बाईंनी सरळ विचारलं, ‘‘म्हणजे तुमचं लग्न व्हायचंय का? मग डिसेंबरात सुट्टी कशासाठी घेतली होती?’’ प्रश्न रास्त होता. लग्नाची पत्रिका होणाऱ्या गोष्टीबद्दल असते. नंतरच्या जेवणाच्या पत्रिकेत लग्न भूतकाळात आणि जेवण भविष्यकाळात असतं. हे दोन काळ एका वाक्यात कोंबले की घोटाळा होतो. अमेरिकी रिवाजात तर यासाठी शब्दही वेगळे आहेत. प्रार्थनास्थळातल्या विधीला बोलावताना ‘ऑनर ऑफ युअर प्रेझेन्स’ म्हणतात आणि नुसत्या स्वागत-समारंभाला ‘प्लेझर ऑफ युअर कंपनी’. पण शब्द कोणतेही वापरा, पहिल्याच वाक्यात लग्न कधी आणि कुठं झालं हे सांगून टाकावं. मग निकाह बघायला मिळेल या समजुतीनं कुणी येत नाही आणि निकाह दुसऱ्यांदा का लावताय, असंही कुणी विचारत नाही.

दुसरं वाक्य जास्त अवघड निघालं. त्यानं लिहिलं होतं: ‘ज्यांना चिपळूणला येता आलं नाही अशा मित्रांसाठी’. ऐकायला प्रेमळ वाटतं. मी त्याला यादी वाचायला सांगितली. यादीत दोन प्रकारची माणसं होती. काहींना त्यानं चिपळूणला बोलावलं होतं आणि त्यांना जमलं नव्हतं. काहींना त्यानं बोलावलंच नव्हतं, कारण एवढ्या लांब कोण येणार, असं त्याला वाटलं होतं. ‘येता आलं नाही’ हे वाक्य दुसऱ्या गटातला माणूस वाचतो तेव्हा त्याला कळतं की इतरांना बोलावणं गेलं होतं, आपल्याला नाही. आणि पहिल्या गटातल्या माणसाच्या गैरहजेरीची ती छापील नोंद होते.

त्या गटात त्याचा एक मित्र होता. दोघांनी तीन वर्षं एका खोलीत काढली होती. भाचा बेकार होता तेव्हा त्याचं भाडंही या मित्रानंच भरलं होतं. चिपळूणला तो आला नाही म्हणून माझी बहीण अजून धुसफुसत होती. कारण काय होतं? त्यानं ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. तिथला नियम असा की, अर्जाचा निकाल लागण्याआधी अर्जदार देशाबाहेर प्रवासाला गेला तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. लग्नाला येणं म्हणजे काही वर्षांची वाटचाल पुसून टाकणं. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. ‘रजा मिळत नाही’ एवढंच म्हणाला होता. परदेशातल्या मित्रांच्या न येण्यामागं अशी कारणं असतात: अडकलेला अर्ज, न परवडणारं तिकीट, घरातलं आजारपण. ती विचारायची नसतात आणि पत्रिकेत त्यांची आठवणही द्यायची नसते.

म्हणून आम्ही वाक्याचा कर्ताच बदलला. ‘तुम्ही आला नाहीत’ ऐवजी ‘आम्ही तुमच्यासोबत आनंद साजरा करू इच्छितो’. मग दोन्ही गटांना एकच पत्रिका चालली.

तिसरा खल एका शब्दावर झाला. भाच्याला वर मोठ्या अक्षरात ‘वलिमा’ हवं होतं. त्याच्या अब्बांनी नकार दिला. वलिमा म्हणजे निकाहनंतर वराकडून दिलं जाणारं जेवण. ती सुन्नत आहे आणि ते जेवण चिपळूणला झालं होतं. इथे आणखी एक बारकावा आहे. बहुतेक फिकहकारांच्या मते वलिम्याचं आमंत्रण आलं की सबळ अडचण नसेल तर जाणं माणसावर बंधनकारक असतं. इतर दावतीला जाणं चांगलं, पण तेवढी सक्ती नाही. म्हणजे पाच महिन्यांनंतरच्या जेवणाला वलिमा म्हटलं तर धार्मिक वृत्तीच्या पाहुण्यावर आपण नकळत ओझं टाकतो. आणि मुस्लिमेतर मित्रांना तो शब्द समजतही नाही. ज्यांच्याकडे वलिमा व्हायचाच राहिला असेल त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी जाणकाराला विचारावं. आम्ही साधं ‘जेवण’ लिहिलं.

मग आलं आपलं लाडकं ‘सहकुटुंब सहपरिवार’. हे दोन शब्द आपल्या पत्रिकेतून काढले तर लोक रुसतील. पण इंग्लंडात पाकिटावर ज्याचं नाव असतं, त्यालाच आमंत्रण असतं, आणि हॉलवाला माणशी पैसे घेतो. भाच्याच्या हॉलची मर्यादा 80 माणसांची होती आणि पाकिटं 46. सगळी घरं मुलाबाळांसह आली असती तर आकडा 130 च्या वर गेला असता. म्हणून त्यानं पाकिटावर प्रत्येकाचं नाव लिहिलं. मुलं बोलावली होती तिथं मुलांचीही नावं लिहिली. अशी 78 नावं झाली. आपल्याकडच्या मंडळींना नुसत्या नावाचा अर्थ लागत नाही, हे धरून त्यानं त्यांना फोनही केले: ‘‘चाचा, जागा कमी आहे. तुम्ही आणि चाची, दोघांनी जरूर यायचं.’’ छापील कागदावर ‘मुलं आणू नयेत’ लिहिण्यापेक्षा हे बरं. उत्तरासाठी त्यानं शेवटची तारीख 20 एप्रिल दिली, म्हणजे जेवणाच्या चार आठवडे आधी. हॉलवाल्याला पक्का आकडा दोन आठवडे आधी हवा होता. मधले दोन आठवडे उत्तर न देणाऱ्यांना फोन करण्यासाठी राखले, आणि ते पुरते वापरले गेले.

तारखेची गंमत सांगतो. सुरुवातीला 4 मे ठरली होती. त्यानं फोनवरून सगळ्यांना निरोप पाठवला: 4/5/2024. न्यू जर्सीला गेलेल्या मित्राचा उलट निरोप आला, ‘‘रमजानमध्ये दुपारचं जेवण तर नाही ना ठेवलंस?’’ अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्यानं ती 5 एप्रिल वाचली आणि तेव्हा रोजे चालू असणार होते. महिन्याचं नाव अक्षरांत आणि सोबत वार लिहिला तर हा घोळ होत नाही. पुढं लक्षात आलं की 4 मेच्या मागोमाग सोमवारची बँक हॉलिडे येते आणि जोडून सुट्टी आली की लंडनची माणसं बाहेरगावी जातात. मग शनिवार 18 मे ठरला.

वेळेचंही तसंच. इंग्रज पाहुणा सात म्हटलं की सातला येतो, आपला माणूस साडेआठला. म्हणून येण्याची, जेवणाची आणि निरोपाची अशा तीन वेळा वेगळ्या दिल्या. निरोपाची वेळ देणं आपल्याला उद्धट वाटतं, पण ब्रिटिश पत्रिकांत ‘कॅरेजेस’ म्हणजे ‘बग्ग्या’ असं लिहून ती देण्याची जुनी चाल आहे. मे महिन्याच्या मध्यात लंडनला सूर्य पावणेनऊनंतर मावळतो. म्हणून जेवण मगरीबच्या आधी, गोड नंतर, आणि नमाजसाठी बाजूची एक खोली ठेवली.

आहेराबद्दल तिथल्या आपल्या लोकांत ‘बॉक्स्ड गिफ्ट नको’ असं छापण्याची चाल आहे. देशी माणसाला त्याचा अर्थ ‘पाकीट आणा’ असा बरोबर कळतो. इंग्रज बिचारा खोक्याशिवाय भेट कशी आणायची, याचा विचार करत बसतो. पाच महिन्यांपूर्वी झालेल्या लग्नाचा आहेर मित्रांकडून मागायचा कशाला? आम्ही ती ओळच गाळली. ज्यांनी विचारलं त्यांना तोंडी सांगितलं की काही आणू नका.

शेवटी इंग्रजीत जे छापलं त्याचा मराठी मजकूर असा:

‘आमचा निकाह 24 डिसेंबर 2023 रोजी चिपळूण येथे झाला. हा आनंद आता लंडनमध्ये आपल्यासोबत साजरा करावा अशी आमची इच्छा आहे. शनिवार, 18 मे 2024 रोजी आमच्यासोबत जेवायला यावं. आगमन संध्याकाळी साडेसहा, जेवण सव्वासात, निरोप साडेदहा. जेवण हलाल असेल, शाकाहारी सोय आहे, मद्य नसेल. आपलं येणं आणि जेवणाची आवड 20 एप्रिलपर्यंत कळवावी.’

खाली दोघांची नावं. आई-वडिलांची नावं नाहीत, कारण यजमान तेच दोघं होते. मद्याची ओळ आधी घातली हे बरं झालं. तिथं लग्नाच्या जेवणाला बार गृहीत धरतात आणि ऐन वेळी कळलं तर पाहुण्याला आणि यजमानाला सारखंच अवघडतं.

71 जणांनी होकार दिला, 69 आले. खोलीतला सोबती सगळ्यांत आधी आला, सव्वासहाला, आणि खुर्च्या मांडू लागला. त्याच्या अर्जाचा निकाल अजून लागला नव्हता. बहिणीला मी तो नियम समजावून सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘त्याला पाठवायला काजू घेऊन ठेव.’’