मिस्त्रीचा एक मग पाणी आणि उंच टॉवरचा कॉलम: सिलिका फ्युम घातलेल्या काँक्रीटला इतकी शिस्त का लागते?

यवतमाळ, पुसद, वणी, कुठेही घराचं बांधकाम बघा. मिक्सर फिरतोय, माल थोडा घट्ट वाटला की मिस्त्री सहज एक मग पाणी आत टाकतो. माल सैल होतो, टोपली भराभर रिकामी होतात, कॉलम भरला जातो. हे चूकच आहे, पण दोन मजली घर सहसा ते पोटात घालतं.

आता हीच सवय मुंबईत ६० मजली टॉवरच्या खालच्या कॉलमवर नेली तर? तिथे तेवढंच जास्तीचं पाणी सगळा हिशेब बिघडवू शकतं. एकच सिमेंट, तशीच गिट्टी, तशीच रेती, मग एवढा फरक का?

आधी ग्रेड म्हणजे काय ते बघू. एम-२० मधला २० हा आकडा ताकदीचा आहे. १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे क्यूब, २८ दिवस पाण्यात ठेवून मशीनमध्ये दाबतात. दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब त्याने सोसला पाहिजे. सोप्या भाषेत, दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलो. एम-८० म्हणजे त्याच्या चौपट, ८०० किलो.

एवढी ताकद हवी कशाला? जागेसाठी. समजा खालच्या मजल्यावरच्या एका कॉलमवर हिशेबाचा भार २,००० टन आहे आणि कॉलममध्ये २ टक्के सळई आहे. भारतीय मानकातल्या साध्या सूत्राने ढोबळ गणित केलं तर एम-३० काँक्रीटमध्ये हा कॉलम साधारण ३.४ फूट बाय ३.४ फूट लागतो. एम-८० मध्ये तेच काम २.४ फूट बाय २.४ फुटांत होतं. एका कॉलममागे सहा चौरस फूट वाचले. पार्किंगमध्ये दोन कॉलमच्या मधे गाडी बसते की नाही, हे अशाच फुटा-दीड फुटावर ठरतं. शिवाय कॉलम बारीक झाला की त्याचं स्वतःचं वजनही कमी होतं.

आता सिलिका फ्युम. हे मूळचं कारखान्यातलं धुराडं. सिलिकॉन किंवा फेरोसिलिकॉन बनवताना विजेच्या भट्टीत गारगोटी आणि कोळसा २,००० अंशांच्या आसपास तापवतात. त्यातून सिलिकाची वाफ निघते, हवेत थंड होते आणि तिचे गोल, अतिसूक्ष्म कण बनतात. सिमेंटच्या कणाच्या साधारण शंभराव्या भागाएवढे. पूर्वी हा धूर सरळ आकाशात जायचा. नॉर्वेत १९५० च्या दशकात तो काँक्रीटमध्ये घालून बघायला सुरुवात झाली. पुढे चिमण्यांना फिल्टर बसवणं भाग पडलं आणि हे करड्या रंगाचं पीठ ढिगाने जमू लागलं.

(शेजारच्या चंद्रपुरात 'सेल'चा फेरो अलॉय प्लांट आहे, मग हा माल तिथेच मिळत असेल असं वाटू शकतं. पण तिथे मँगनीजचे मिश्रधातू बनतात. सिलिका फ्युम सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉनच्या भट्टीतून मिळतं.)

काँक्रीटमध्ये हे पीठ दोन कामं करतं. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की चिकटून धरणारा पदार्थ तयार होतो, आणि त्याच्यासोबत चुनाही सुटतो. चुन्याला ताकद नसते, आणि तो नेमका गिट्टीच्या अंगाला चिकटून बसतो. साध्या काँक्रीटचा ठोकळा फुटला की गिट्टी अखंड राहते आणि भेग तिला वळसा घालून जाते, ती याच कमकुवत थरामुळे. सिलिका फ्युम या चुन्याशी अभिक्रिया करून त्याचाही चिकट पदार्थ बनवतं. दुसरं काम म्हणजे सिमेंटच्या कणांमधल्या फटी भरणं. चांगल्या एम-८० चा ठोकळा फुटतो तेव्हा भेग सरळ गिट्टीतून आरपार जाते. म्हणजे आता गिट्टीही दणकट हवी. आपल्या भागातला काळा दगड त्यासाठी चांगला, पण त्यात पांढऱ्या खड्यांचा, भोकाभोकांचा दगड मिसळलेला नको. तो कमजोरही असतो आणि पाणीही पितो.

महाराष्ट्रात हे तंत्र नवं नाही. मुंबईत २००२ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. उड्डाणपुलासाठी सिलिका फ्युम घालून एम-७५ काँक्रीट वापरलं होतं. देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या वापरांपैकी तो एक.

पाण्याचा हिशेब

एक घनमीटर एम-८० साठी नमुन्यादाखल मिश्रण धरू: सिमेंट ४२० किलो, फ्लाय अॅश ८० किलो, सिलिका फ्युम ५० किलो. एकूण ५५० किलो पावडर आणि पाणी फक्त १४० लिटर.

हे पाणी किती कमी आहे ते शेतीच्या मापात बघा. एक ग्रॅम सिलिका फ्युमच्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग पसरला तर साधारण २० चौरस मीटर भरतो. ५० किलोचा झाला दहा लाख चौरस मीटर, म्हणजे जवळपास २५० एकर. ४२० किलो सिमेंटचा पृष्ठभाग ३६ एकरांच्या आसपास. एवढं सगळं रान १४० लिटरमध्ये ओलं करायचं. नुसत्या पाण्याने ते होतच नाही. म्हणून सुपरप्लास्टिसायझर नावाचं रसायन घालतात. ते कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, त्यामुळे थोड्या पाण्यातही माल वाहतो. त्याचं माप किलोभर इकडेतिकडे झालं तरी माल एकतर घट्ट अडकतो, नाहीतर गिट्टी खाली आणि पाणी वर असा फाटतो.

आता रेती. एका घनमीटरला साधारण ७०० किलो रेती जाते. समजा प्लँटवाल्याने ती कोरडी धरली, पण रात्री पाऊस झाल्यामुळे तिच्यात २ टक्के ओल होती. ७०० किलोचे २ टक्के म्हणजे १४ लिटर पाणी कोणालाही न दिसता आत गेलं.

ताकद ठरते ती एक लिटर पाण्यामागे किती किलो पावडर आहे यावर. घरच्या एम-२५ मध्ये ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी धरा, प्रमाण २. त्यात १४ लिटर वाढले की ते १.८४ होतं, म्हणजे ०.१६ ने उतरतं. एम-८० मध्ये ५५० ला १४० ने भागलं तर ३.९३ येतात. तेच १४ लिटर वाढले की ३.५७. इथे उतार ०.३६, म्हणजे दुपटीहून जास्त. हे प्रमाण एकने घटलं की ताकद साधारण २५ ते ३० ने घटते. म्हणजे एम-२५ ने चार गमावले आणि एम-८० ने जवळजवळ दहा.

मानकाने चुकांसाठी जागा ठेवलेली असते. आयएस १०२६२ प्रमाणे एम-२५ चं मिश्रण बनवताना ३१.६ चं लक्ष्य धरतात आणि एम-८० साठी ८९.९ चं. ओल्या रेतीनंतर एम-२५ सत्तावीसच्या वर राहतो, पास. एम-८० मात्र ऐंशीच्या आसपास येतो. सरासरीच ऐंशी झाली म्हणजे साधारण निम्मा माल ऐंशीच्या खाली. एका पावसात सगळी राखीव ताकद संपली.

म्हणून अशा प्लँटमध्ये रेतीची ओल दिवसातून अनेकदा मोजतात. तपासणी अगदी घरगुती आहे. ५१० ग्रॅम रेती तव्यावर कोरडी केली आणि ५०० ग्रॅम उरली, तर ओल २ टक्के. रेतीचा ढीग वर कोरडा आणि तळाला ओला असतो, त्यामुळे लोडरने कुठून उचललं हेही महत्त्वाचं. ट्रान्झिट मिक्सर धुतल्यावर ड्रम उलटा फिरवून पूर्ण रिकामा करावा लागतो. सहा घनमीटरच्या गाडीत ६० लिटर धुवणाचं पाणी राहिलं तर ते दर घनमीटरला १० लिटर झालं. आणि साइटवर माल घट्ट वाटला तर पाणी घालायला सक्त मनाई. फार तर ठरलेल्या मापात रसायन घालून ड्रम पुन्हा फिरवायचा, नाहीतर गाडी परत पाठवायची.

कळतं तेव्हा उशीर झालेला असतो

क्यूबचा निकाल २८ दिवसांनी येतो. फ्लाय अॅश असलेल्या मिश्रणात कधी कधी ५६ दिवसांचा निकाल ग्राह्य धरतात. टॉवरचा एक मजला आठ-दहा दिवसांत होतो. म्हणजे निकाल येईपर्यंत त्या कॉलमवर तीन ते सहा मजले चढलेले असतात. निकाल वाईट आला तर कॉलममधून गोल नमुना, म्हणजे कोअर, कापून तपासावा लागतो. अशा कॉलममध्ये सळई इतकी दाट असते की ती न तोडता कोअर काढणं हीच कसरत. म्हणून अशा कामात खरा पहारा माल ओतण्याआधीचा असतो.

बरं, तपासणीचं मशीनही पुरायला हवं. १५ सेंटिमीटरचा एम-२५ चा ठोकळा ५६ टनांच्या आसपास दाब सोसून पास होतो. ९० ताकदीचा ठोकळा फोडायला २०० टनांहून थोडा जास्त दाब लागतो. २०० टनी मशीनवर तो फुटणारच नाही, त्यामुळे ३०० टनांचं मशीन हवं. ठोकळ्याची बाजू थोडी वाकडी असेल तर कोपरा आधी तुटतो आणि चांगला माल नापास दिसतो. एम-२५ मध्ये ही चूक खपून जाते, इथे नाही.

सिलिका फ्युमची एक वेगळी खोडही आहे. वाहतूक सोपी व्हावी म्हणून ते दाबून, गुठळ्या करून पिशव्यांत भरतात. मिक्सरमध्ये पुरेसा वेळ फिरवलं नाही तर गुठळ्या तशाच राहतात. कारखान्याने शंभराव्या भागाचा कण दिला आणि आपण त्याचा रेतीएवढा खडा करून वापरला, असं होतं. फोडलेल्या ठोकळ्यात गडद ठिपके दिसले तर मिक्सिंग कमी पडलं असं समजायचं.

आणि यवतमाळचा मे महिना असेल तर? मुकुटबनला २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनचा मोठा सिमेंट प्रकल्प सुरू झाला, त्यामुळे सिमेंट जिल्ह्यातच मिळेल. अडचण उन्हाची आहे. साधं काँक्रीट ओतल्यावर थोडं पाणी वर येतं आणि ते पृष्ठभाग ओला ठेवतं. सिलिका फ्युमच्या मालात हे पाणी जवळजवळ येतच नाही. ४३-४४ अंशांच्या कोरड्या वाऱ्यात उघडा पृष्ठभाग तासाभरात तडकू शकतो, माल घट्ट व्हायच्या आधीच. कॉलमला चारही बाजूंनी सेंटरिंग असतं म्हणून तो बराचसा वाचतो, पण त्याचा माथा आणि त्याच मालाने भरलेला स्लॅबचा भाग वाचत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात असं काँक्रीट रात्री ओततात, पाण्याऐवजी मोजून बर्फ घालतात, गिट्टीवर सावली धरतात आणि फिनिशिंग चालू असतानाच वर पाण्याचं बारीक धुकं मारतात. बर्फाचं वजनही त्या १४० लिटरमध्येच धरायचं असतं.